चाळीस टक्के, पण कशाचे?

मे महिना अर्धा सरला की ठाणे-मुंबईत गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांना उसंत नसते. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. सोसायट्यांच्या कमिट्या वर्षभर लांबवलेला विषय त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत मार्गी लावायला निघतात, आणि आता बहुतेकांचा पहिला शोध गूगलवर होतो. म्हणून लहान कंत्राटदारही तिथे जाहिरात देतो. ती चालवायला एखादी एजन्सी नेमलेली असते आणि महिन्याच्या शेवटी ती व्हॉट्सॲपवर अहवालाची पीडीएफ पाठवते.

असाच एक अहवाल समोर ठेवू. हिशेब डोळ्यांपुढे यावा म्हणून आकडे मी रचलेले आणि गोल केलेले आहेत, पण त्यांची ठेवण खऱ्या अहवालांसारखीच आहे. काळ १५ मे ते १३ जून, म्हणजे ३० दिवस. रोजचे बजेट ६०० रुपये, एकूण खर्च १८,००० रुपये. जाहिरात ६,००० वेळा दिसली, तिच्यावर ३०० क्लिक झाले, म्हणजे एक क्लिक ६० रुपयांना पडला. त्यातून १५ जणांनी फोन केला. यापुढे तीन ओळी आहेत: Search impr. share ४० टक्के, Search lost IS (budget) ४५ टक्के, Search lost IS (rank) १५ टक्के. खाली कीवर्डची यादी, प्रत्येकापुढे दहापैकी क्वालिटी स्कोअर. आणि शेवटी एजन्सीची शिफारस: ‘अपुऱ्या बजेटमुळे ४५ टक्के ग्राहक हातचे गेले. रोजचे बजेट १,३०० रुपये करावे.’

हिशेब वरवर बिनचूक दिसतो. ६०० रुपयांत ४० टक्के मिळत असतील, तर ४० आणि ४५ मिळून ८५ टक्क्यांसाठी १,२७५ रुपये लागतील. तरीही ही शिफारस जशीच्या तशी मान्य करू नये असे माझे ठाम मत आहे. कारण ४५ टक्के हे ग्राहकांचे प्रमाण नाही. ते कशाचे प्रमाण आहे हे आधी पाहायला हवे.

कुणीही गूगलवर काही शोधले की त्या एका शोधापुरता एक लिलाव होतो. त्यात कोण उतरू शकतो, कुणाची जाहिरात दिसेल, कुठल्या क्रमाने दिसेल आणि क्लिक झाला तर किती पैसे कापले जातील, हे सगळे निकालाचे पान उघडण्याआधी ठरते. प्रत्येक जाहिरातीला त्या लिलावात एक ‘ॲड रँक’ मिळतो. तो ठरवताना तुमची बोली धरली जाते, जाहिरातीचा आणि ती उघडते त्या पानाचा दर्जा धरला जातो, आणि शोधणारा कुठे आहे, फोनवर आहे की संगणकावर, वेळ कोणती, त्याने नेमके काय शब्द टाकले, हेही धरले जाते. नुसती मोठी बोली पुरत नाही. २००२ सालापासूनच गूगलने बोलीबरोबर क्लिकचे प्रमाणही क्रम लावताना धरायला सुरुवात केली होती. शिवाय एक किमान पातळी असते. ती ओलांडली नाही, तर पानावर जागा मोकळी असूनही जाहिरात दिसत नाही.

इम्प्रेशन शेअर हा अशा सगळ्या लिलावांचा गोषवारा आहे. जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यापैकी ती किती वेळा दिसली, एवढेच तो सांगतो. ज्या वेळा ती दिसली नाही त्यांची गूगल दोन कारणांत वाटणी करते: बजेट पुरले नाही, किंवा रँक कमी पडला. म्हणून या तीन आकड्यांची बेरीज शंभर होते. बजेटमुळे गेलेला वाटा म्हणजे गिऱ्हाईक रस्त्यावर असताना दुकानाचे शटर खाली होते. रँकमुळे गेलेला वाटा म्हणजे दुकान उघडे होते, पण गिऱ्हाइकाला आधी शेजारची दुकाने लागली.

‘दिसू शकली असती’ या शब्दांत सगळी गोम आहे. हा अपूर्णांकाचा छेद आहे आणि तो अहवालात छापलेला नसतो. तो काढायला मात्र सोपा आहे:

```
पात्र इम्प्रेशन = मिळालेली इम्प्रेशन ÷ इम्प्रेशन शेअर
६,००० ÷ ०.४० = १५,०००
```

म्हणजे त्या ३० दिवसांत ही जाहिरात अंदाजे १५,००० वेळा दिसू शकली असती. त्यातल्या ६,७५० वेळा बजेट आड आले आणि २,२५० वेळा रँक. आकड्यांना टक्क्यांतून बाहेर काढले की प्रश्न विचारता येतो: हे १५,००० शोध कुणाचे होते?

या ठिकाणी बहुतेकांचा समज चुकतो. हे १५,००० म्हणजे ठाण्यात गच्ची गळत असलेल्या लोकांचे शोध नव्हेत. तुम्ही निवडलेले कीवर्ड, ते किती सैलपणे जुळवायचे याची सेटिंग, तुमचा भाग, तुमच्या वेळा, तुमची बोली आणि जाहिरातीचा दर्जा यांच्यावरून, तुम्ही ज्या लिलावांना पात्र होता असे गूगल समजते, त्यांचा तो अंदाज आहे. छेद तुमच्याच सेटिंगमधून तयार होतो. ‘वॉटरप्रूफिंग’ हा एकच शब्द ब्रॉड मॅचवर ठेवला, तर गच्चीचे काम करून घेणारा त्यात येतोच, पण स्वतःच ब्रशने केमिकल लावायला निघालेला, पाच लिटरच्या डब्याचा भाव पाहणारा, वॉटरप्रूफिंगचा कोर्स शोधणारा आणि त्या धंद्यात नोकरी शोधणारा, असे सगळेच येतात. या सगळ्यांच्या शोधांत तुम्ही ‘पात्र’ ठरता आणि त्यांच्यापैकी ज्यांना जाहिरात दिसली नाही ते सगळे ‘बजेटमुळे हुकले’ या ओळीत जमा होतात.

म्हणून अहवालाबरोबर आणखी एक यादी मागायची: Search terms. कीवर्ड म्हणजे तुम्ही लिहून दिलेले शब्द. ही यादी म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात टाइप केलेले शब्द. फार कमी वेळा शोधले गेलेले शब्द गूगल तिच्यात दाखवत नाही, त्यामुळे ती पूर्ण नसते, पण पैसा कुठे गेला हे कळण्याइतकी पुरेशी असते.

आपल्या उदाहरणात ती यादी उघडून शोधांचे दोन ढीग केले. एका ढिगात ‘terrace waterproofing contractor thane’, ‘गच्ची गळती उपाय ठाणे’, ‘slab leakage repair near me’ असे, काम करून घ्यायच्या बेतात असलेल्यांचे शोध. दुसऱ्यात केमिकलचा भाव, कुठले केमिकल चांगले, काम स्वतः कसे करावे, असे शोध. निम्मी म्हणजे ३,००० इम्प्रेशन पहिल्या ढिगात आणि ३,००० दुसऱ्यात निघाली. पहिल्यात १८० क्लिक, १०,८०० रुपये खर्च आणि १४ फोन. दुसऱ्यात १२० क्लिक, ७,२०० रुपये आणि एक फोन. एक फोन पहिल्या ढिगात सुमारे ७७० रुपयांना पडला, दुसऱ्यात ७,२०० रुपयांना.

एजन्सीच्या शिफारशीप्रमाणे बजेट दुप्पट केले असते, तर वाढलेल्या पैशातलाही मोठा हिस्सा या दुसऱ्या ढिगात गेला असता. इम्प्रेशन शेअर वाढलेला दिसला असता आणि पुढचा अहवाल ‘प्रगती’ म्हणून आला असता.

त्याऐवजी केमिकल, भाव, किलो, लिटर, कोर्स, नोकरी असे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकले, तेही इंग्रजी, देवनागरी आणि रोमन लिपीतले मराठी-हिंदी अशा तिन्ही प्रकारांनी, कारण आपल्याकडे लोक तिन्ही प्रकारे टाइप करतात आणि निगेटिव्ह शब्द बराचसा लिहिला तसाच धरला जातो. आता छेद आकसतो. दुसरा ढीग निघून गेल्यावर पात्र इम्प्रेशन १५,००० वरून ७,५०० वर आली असे धरू. पैसे तेवढेच, १८,०००. क्लिक तेवढेच, ३००, पण आता सगळे कामाचे. पहिल्या ढिगात शंभर वेळा दिसल्यावर सहा क्लिक होत होते, तेव्हा ३०० क्लिकसाठी जाहिरात ५,००० वेळा दिसावी लागेल. ५,००० भागिले ७,५००, म्हणजे इम्प्रेशन शेअर ६७ टक्के. बजेटमुळे जाणारा वाटा ४५ वरून १८ वर उतरला आणि पूर्वीच्याच प्रमाणात फोन आले तर १५ ऐवजी २३ येतील. खिशातून एक रुपयाही जास्त गेला नाही.

प्रत्यक्षात आकडे इतके सरळ रेषेत चालत नाहीत. कामाच्या शोधांवर स्पर्धा जास्त असते, त्यामुळे क्लिक ६० ऐवजी ७० रुपयांना पडू शकतो. पण दिशा हीच राहते.

उरलेल्या १८ टक्क्यांचे काय? इथे दुसरा मार्ग आहे आणि तो ऐकून अनेक व्यावसायिकांना आधी खरे वाटत नाही. बजेट रोज संपत असेल, तर बोली कमी करावी.

बजेट दुपारी चारला संपते, म्हणजे तुम्ही सकाळच्या क्लिकला जास्त मोजत आहात आणि संध्याकाळी हजर नाही आहात. हल्ली गूगल बजेट दिवसभर पसरून खर्च करते, त्यामुळे चारला सगळे बंद होण्याऐवजी दिवसभर मधूनमधून जाहिरात दिसेनाशी होते. परिणाम तोच. बोली उतरवून क्लिक ६० ऐवजी ५० रुपयांना मिळाला असे धरू. जाहिरात थोडी खाली सरकेल, काही लिलाव रँकमुळे जातील, म्हणजे तो वाटा १५ वरून २० टक्के होईल. खालच्या जागेवर क्लिकही जरा कमी, शंभराला सहाऐवजी साडेपाच. आता हिशेब मांडा. उरलेल्या ८० टक्क्यांत, म्हणजे ६,००० वेळा जाहिरात दिसली, ३३० क्लिक झाले, खर्च १६,५०० रुपये. बजेटमुळे काहीच गेले नाही, कारण बजेट उरले. तीस क्लिक वाढले आणि दीड हजार रुपये वाचले.

अहवालात मात्र रँकमुळे गेलेला वाटा वाढलेला दिसेल आणि कुणीतरी ते बिघाड म्हणून सांगेल. मर्यादित पैशात काम करणाऱ्या व्यावसायिकासाठी रँकमुळे थोडा वाटा जाणे हे बजेटमुळे जाण्यापेक्षा बरे. रँकमुळे जातात ते लिलाव त्या दराला न परवडणारे असतात. बजेटमुळे जातात त्यांत परवडणारेही असतात, आणि कुठला लिलाव सुटला यावर तुमचा ताबा नसतो. बोली हाताने न लावता स्वयंचलित पद्धत वापरत असाल, तर हेच काम क्लिकच्या कमाल दरावर मर्यादा घालून किंवा एका चौकशीमागचा लक्ष्य-खर्च खाली आणून होते. अशा वेळी थोडे थोडे उतरवत जावे आणि प्रत्येक बदलानंतर एक-दोन आठवडे थांबून पाहावे.

बजेट वाढवणे चूक आहे असे मी म्हणत नाही. शोधांची यादी स्वच्छ आहे, दर रास्त आहे, येणारा फोन कामात बदलतो आहे आणि ते काम करायला माणसे आहेत, एवढे झाल्यावरही बजेटमुळे वाटा जात असेल, तर तो आकडा खरोखर गिऱ्हाइकांबद्दल बोलतो आहे. तेव्हा जरूर वाढवावे.

वाढवण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायची: तारखा. आपल्या अहवालातले ४० टक्के हे ३० दिवसांचे आहेत. पहिल्या वीस दिवसांत पात्र इम्प्रेशन ६,००० होती आणि जाहिरात ४,००० वेळा दिसली, म्हणजे ६७ टक्के. ४ जूनला पूर्वमोसमी सर कोसळली आणि पुढच्या दहा दिवसांत पात्र इम्प्रेशन ९,००० झाली. बजेट तेच, त्यामुळे जाहिरात रोज सुमारे २०० वेळाच दिसत राहिली, दहा दिवसांत २,०००. वाटा २२ टक्के. दोन्ही मिळून १५,००० पैकी ६,०००, म्हणजे ४० टक्के. महिनाभर ४० टक्के असा एकही दिवस कदाचित नसेल.

मग त्या दहा दिवसांत बजेट ओतावे का? इथे जाहिरातीपेक्षा धंद्याची माहिती कामी येते. इंजेक्शन ग्राउटिंगसारखी काही कामे सोडली, तर ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही आणि पावसात ब्रिकबॅट कोबा घालता येत नाही. पहिल्या सरीनंतर घाबरून फोन करणाऱ्यांना बहुधा ताडपत्री टाकून दसऱ्यापर्यंत थांबा असेच सांगावे लागते. ज्या कंत्राटदाराकडे मे महिन्यात दोन टोळ्या मोकळ्या आहेत, त्याने पैसा मेच्या पहिल्या पंधरवड्यात लावावा. जूनमधला तो ७८ टक्के हुकलेला वाटा पाहून त्याने हळहळू नये. याउलट फक्त गळती शोधण्याचे आणि तात्पुरत्या दुरुस्तीचे काम करणाऱ्यासाठी तेच दहा दिवस कमाईचे. एकच आकडा, पण दोघांचे निर्णय उलटे.

गूगलच्या हिशेबात ‘रोजचे बजेट’ ही सरासरी असते, हेही इथे लक्षात ठेवावे. शोध वाढलेल्या दिवशी ती दुप्पटीपर्यंत खर्च करू शकते. म्हणजे ६०० चे एखाद्या दिवशी १,२०० झालेले दिसतील. महिन्याचा एकूण खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटींच्या वर मात्र जात नाही.

अहवालात एक चूक इतकी वेळा दिसते की तिच्याविषयी वेगळे सांगावेच लागेल. दोन कॅम्पेनच्या इम्प्रेशन शेअरची सरासरी काढलेली असते. स्वतःच्या फर्मच्या नावाने शोधणाऱ्यांसाठीच्या कॅम्पेनचा वाटा ९० टक्के, कामाच्या शब्दांच्या कॅम्पेनचा २० टक्के, म्हणून ‘सरासरी ५५ टक्के’. पण पहिल्यात पात्र इम्प्रेशन जेमतेम ३००, त्यातली २७० मिळाली. दुसऱ्यात १५,०००, त्यातली ३,०००. एकत्र वाटा १५,३०० पैकी ३,२७०, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास. पंचावन्न आणि एकवीस यांत व्यवसायाचे चित्रच बदलते. वाट्यांची सरासरी काढायची नसते. प्रत्येकाचा छेद काढून मग बेरीज करायची असते.

आता क्वालिटी स्कोअर. हा १ ते १० मधला आकडा प्रत्येक कीवर्डला मिळतो. तो तीन गोष्टींवर उभा असतो: जाहिरात दिसल्यावर क्लिक होण्याची अपेक्षा, शोधामागच्या हेतूशी जाहिरातीचा मेळ, आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. पडद्यावर हे Exp. CTR, Ad relevance आणि Landing page exp. असे रकाने असतात आणि प्रत्येकात ‘सरासरीपेक्षा वर’, ‘सरासरी’ किंवा ‘सरासरीपेक्षा खाली’ एवढेच लिहिलेले असते. ही तुलना गेल्या ९० दिवसांत त्याच कीवर्डवर दिसलेल्या इतर जाहिरातदारांशी असते. म्हणून तुम्ही काहीही न बदलता स्कोअर खाली येऊ शकतो: शेजाऱ्याने आपले पान सुधारले एवढे कारण पुरते.

‘बोली गुणिले क्वालिटी स्कोअर’ असे सूत्र अनेक ठिकाणी शिकवले जाते. समजण्यापुरते ते ठीक, पण लिलावात हा १ ते १० चा आकडा घातला जात नाही. लिलावाच्या क्षणी दर्जा नव्याने मोजला जातो आणि त्यात शोधणाऱ्याचे ठिकाण, त्याचे साधन, त्याचे नेमके शब्द यांचा विचार होतो. अहवालातला स्कोअर हा मागच्या कामगिरीवरून काढलेला निदानाचा आकडा आहे आणि तोही फक्त त्या कीवर्डशी तंतोतंत जुळणाऱ्या शोधांवरून. तसे शोध पुरेसे झालेले नसतील, तर आकड्याऐवजी नुसती ‘—’ रेघ दिसते. ती रेघ म्हणजे शून्य नव्हे. लहान गावात, मोजक्या शब्दांवर जाहिरात करणाऱ्यांच्या खात्यात अर्ध्या यादीपुढे ती असते आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

म्हणून एकट्या स्कोअरवरून कीवर्ड बंद करू नये. आपल्या उदाहरणात ‘terrace leakage repair’ या कीवर्डचा स्कोअर ४ आहे आणि चौदापैकी पाच फोन त्याच्यावरून आले. स्कोअर कमी म्हणून तो बंद करणे म्हणजे चालते गिऱ्हाईक घालवणे. त्याला सुधारायचे, आणि काय सुधारायचे ते तीन रकाने सांगतात. क्लिकची अपेक्षा सरासरी होती, बाकी दोन्ही सरासरीखाली. जाहिरात उघडून पाहिली. मथळा होता ‘सर्व प्रकारची सिव्हिल व पेंटिंग कामे’. क्लिक केल्यावर फर्मचे मुखपृष्ठ उघडत होते आणि त्यावर रंगकाम, पीओपी, टाइल्स आणि सर्वांत खाली वॉटरप्रूफिंग. गच्चीची गळती घेऊन आलेल्या माणसाला आपण योग्य ठिकाणी आलो की नाही हे कळायला तीनदा बोट फिरवावे लागत होते.

उपाय त्यातूनच निघतो. गळतीच्या शब्दांचा वेगळा ॲड ग्रुप, मथळ्यात गच्चीची गळती आणि ठाणे हे शब्द, आणि स्वतंत्र पान. त्या पानावर वरच फोन नंबर, आधी-नंतरचे फोटो, कोबा आणि केमिकल कोटिंग यांतला फरक दोन ओळींत, किती वर्षांची हमी, पाहणीचे पैसे लागतात की नाही, आणि कुठल्या कुठल्या भागात काम करतो. फोटोंचा आकार कमी केलेला, कारण बहुतेक लोक फोनवर पाहतात आणि पान रेंगाळले की परत फिरतात. बोली वाढवून वरची जागा घेतली की जास्त क्लिक होतात आणि स्कोअर सुधारतो, असाही समज आहे. तो खरा नाही: क्लिकची अपेक्षा काढताना जागेचा परिणाम वजा केलेला असतो.

रँकमुळे गेलेला वाटा आणि क्वालिटी स्कोअर शेजारी ठेवून वाचले की खरा उपयोग होतो. रँकमुळे गेलेला वाटा कीवर्डनुसार पाहता येतो. तो मोठा आहे आणि स्कोअर ३-४ आहे, तर बोलीला हात न लावता जाहिरात आणि पान सुधारावे. दर्जा वाढला की तीच जागा कमी दरात मिळू शकते. तो मोठा आहे आणि स्कोअर ८ आहे, तर पान ठीक आहे, दर कमी पडतो आहे. तो दर परवडतो का हे एका फोनमागच्या खर्चावरून ठरवायचे. परवडत नसेल, तर तो वाटा जाऊ द्यावा.

बजेटमुळे गेलेला वाटा मात्र कीवर्डनुसार मिळत नाही, फक्त कॅम्पेननुसार मिळतो, कारण बजेट कॅम्पेनला असते. दहा प्रकारची कामे एकाच कॅम्पेनमध्ये कोंबली असतील, तर पैसे संपल्याचा फटका बाथरूमच्या किरकोळ गळतीला बसला की दोन लाखांच्या गच्चीच्या कामाला, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ज्या कामात सर्वांत जास्त उरते त्याचे शब्द वेगळ्या कॅम्पेनमध्ये, वेगळ्या बजेटवर ठेवावेत. त्यानंतरच Search lost IS (budget) हा आकडा तुमच्याशी नेमके काही बोलू लागतो.

जाहिरातीचे काम दुसऱ्याकडे दिलेले असेल, तरी खाते तुमच्या नावावर असू द्या आणि ते पाहण्याची परवानगी स्वतःकडे ठेवा. बजेट वाढवा असे सांगणारा पुढचा अहवाल आला, की होकार देण्याआधी एवढेच मागा: हे आकडे आठवड्यानुसार आणि कॅम्पेननुसार वेगळे करून द्या, आणि लोकांनी प्रत्यक्ष काय शोधले ती यादी खर्चासकट द्या. खाते उघडून हे काढायला फार वेळ लागत नाही. ते द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर बजेट आहे तिथेच राहू द्या.